काळ्यावर पांढरं की पांढऱ्यावर काळं?

*"मी ३६ वर्षांची आहे. घरून मराठी पुस्तकांची मुद्रितं तपासते, तीही मुलं झोपल्यावर, रात्री दहा ते एक. दोन्ही डोळ्यांना सिलिंड्रिकल नंबर आहे, उजव्याला जास्त: -०.७५ / -१.५० × १८०. लॅपटॉपवर डार्क मोड लावला की अक्षरांभोवती पांढरट धूर दिसतो आणि अनुस्वार हातातून निसटतात. गेल्या पुस्तकात 'मुलानी' आणि 'मुलांनी' मधला फरक माझ्याकडून तीनदा सुटला. लाइट मोड लावला तर रात्री डोळ्यांत टॉर्च मारल्यासारखं होतं. भाऊ म्हणतो डार्क मोडच डोळ्यांना चांगला, आणि नेटवर वाचलं की सिलिंडरवाल्यांनी डार्क मोडला हातही लावू नये. चष्मा दोन वर्षांपूर्वीचा, गोल फ्रेमचा. कुणाचं ऐकू?"*

*— एक वाचक, सातारा*

नमस्कार ताई,

तुमच्या पत्रातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य तुम्ही जाता जाता लिहून टाकलं आहे: चष्मा दोन वर्षांपूर्वीचा, गोल फ्रेमचा. माझ्यासमोर नंबर तपासायला बसला असतात, तर डार्क की लाइट हे विचारायच्या आधी मी हात पुढे करून चष्मा मागितला असता. का, ते सांगते. त्याआधी तो धूर येतो कुठून ते बघू.

सिलिंड्रिकल नंबर म्हणजे डोळ्याच्या दर्शनी काचेचा, कॉर्नियाचा, बाक सगळीकडे सारखा नसणं. चेंडूसारखा गोल असायच्या ऐवजी तो चमच्याच्या पाठीसारखा असतो, एका दिशेला जास्त वळलेला आणि दुसऱ्या दिशेला कमी. त्यामुळे एका बिंदूतून आलेला प्रकाश आतल्या पडद्यावर पुन्हा बिंदू होऊन उतरत नाही, एका दिशेला ओढला जातो. रात्री एक्सप्रेसवेवर समोरच्या गाडीच्या दिव्याला लांब मिशा फुटलेल्या दिसतात, त्या याच. डार्क मोडमधलं प्रत्येक पांढरं अक्षर म्हणजे अंधारातला असा एक छोटा दिवा.

आता यात बाहुलीची भर पडते. स्क्रीन पांढरी असली की बाहुली आकसते, काळी असली की पसरते. नजर तेवढीच चुकलेली असली, तरी धूसरपणा बाहुलीच्या रुंदीच्या प्रमाणात वाढतो. हे आकड्यांत बघा. समजा, चष्मा लावूनही तुमच्या डोळ्यात अर्धा डायॉप्टर, म्हणजे अर्ध्या नंबराचा, सिलिंडर शिल्लक राहिला आहे आणि लॅपटॉप ६० सेंटिमीटरवर आहे. बाहुली ३ मिलिमीटर असेल, तर स्क्रीनवरचा एक ठिपका साधारण ०.९ मिलिमीटर लांबीचा पट्टा होऊन दिसेल. तीच बाहुली अंधाऱ्या खोलीत काळ्या स्क्रीनसमोर ५ मिलिमीटर झाली, तर पट्टा दीड मिलिमीटरचा होईल. देवनागरीतला अनुस्वाराचा टिंब नेहमीच्या आकारात जेमतेम अर्धा मिलिमीटर असतो. त्याच्या शेजारी मात्रा असेल, तर दोघांमधली फट बुजायला एवढं पुरे.

शिवाय पसरलेला प्रकाश कुठे सांडतो, त्यानेही फरक पडतो. पांढऱ्या पानावर काळं अक्षर असेल तर कडेचा पांढरा प्रकाश अक्षरात थोडा घुसतो. अक्षर जरा करडं, जरा बारीक होतं, पण ओळखू येतं. काळ्या पानावर मात्र पांढऱ्या अक्षराचा प्रकाश बाहेर, अंधारात सांडतो, आणि अंधारात थोडासा प्रकाशही डोळ्यांना लगेच दिसतो. तुमचा धूर तो हा.

जर्मनीतल्या ड्यूसेलडॉर्फ विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१३ आणि २०१४ साली लोकांना दोन्ही प्रकारच्या स्क्रीनवर चक्क मुद्रितशोधन करायला लावलं होतं, म्हणजे तुमचंच काम. पांढऱ्यावर काळ्या अक्षरांत लोकांना चुका जास्त सापडल्या, आणि तरुण काय, वयस्कर काय, दोघांनाही. त्या स्क्रीनसमोर बाहुली लहान राहते हेही त्यांनी मोजून दाखवलं. अक्षर जितकं बारीक, तितका हा फायदा मोठा होता. ते प्रयोग फक्त सिलिंडरवाल्यांवर नव्हते हे लक्षात घ्या. म्हणजे बारीक मजकूर बारकाईने वाचायचा असेल तर लाइट मोडचं पारडं सगळ्यांसाठीच जड आहे, आणि सिलिंडर शिल्लक असलेल्यांसाठी आणखी.

'शिल्लक' या शब्दावर मी मुद्दाम जोर देते आहे. नेटवरच्या त्या सल्ल्यात हाच शब्द गळलेला असतो. योग्य सिलिंडर योग्य अक्षावर बसवलेला चष्मा तुमच्या नाकावर असेल, तर पडद्यावर बिंदू बऱ्यापैकी बिंदूच उतरतो आणि दोन्ही मोडमधला फरक तुमच्यासाठी इतरांइतकाच राहतो. चष्मा नीट असताना तुम्हाला एवढा धूर दिसायला नको होता. दिसतोय, म्हणून मला चष्म्याचा संशय.

सिलिंड्रिकल नंबराला दिशा असते. तुमच्या नंबरातलं शेवटचं १८० म्हणजे तो अक्ष. साध्या मायनस नंबराची काच फ्रेममध्ये फिरली तरी बिघडत नाही. सिलिंडरची फिरली की बिघडतं, आणि अंदाजापेक्षा फार जास्त. अक्ष ५ अंशांनी हलला तर सिलिंडरचा सुमारे सहावा भाग पुन्हा उघडा पडतो, १० अंशांनी हलला तर तिसऱ्या भागाहून थोडा जास्त, आणि ३० अंशांनी हलला तर चष्मा घालून न घातल्यासारखाच, सगळाच्या सगळा सिलिंडर परत. तुमच्या दीड नंबराला १० अंशांचा फेरफार म्हणजे अर्धा डायॉप्टर शिल्लक. वरचं गणित मी उगाच अर्ध्या डायॉप्टरवर केलं नव्हतं.

चौकोनी फ्रेममध्ये काच सहसा फिरत नाही, कोपरे तिला धरून ठेवतात. पूर्ण गोल फ्रेममध्ये स्क्रू थोडा सैल झाला की काच पुसता पुसता अंगठ्याने हळूहळू फिरते, आणि फिरली हे दिसतही नाही, कारण गोल ते गोलच. फ्रेमची एक काडी वाकून चष्मा नाकावर तिरका बसत असेल तरी तेच. हे रडगाणं मी वर्षाला किती वेळा ऐकते! नंबर वाढला म्हणून माणूस घाबरून येतो, आणि वाढलेलं असतं ते फक्त काचेचं तोंड.

घरी एक छोटी तपासणी करा. रात्री काळ्या स्क्रीनवर एकच पांढरा मोठा पूर्णविराम टाइप करा, चष्मा घालून एक डोळा झाका आणि बघा. टिंबाला शेपूट फुटतं का? फुटत असेल तर मान एका बाजूला कलती करा. शेपूटही मानेबरोबर कललं, तर दोष डोळ्यात किंवा चष्म्यात आहे. मान सरळ ठेवून मोबाइलवर हाच प्रयोग करा आणि फोन फिरवा. शेपूट फोनबरोबर फिरलं, तर ती स्क्रीन किंवा तिच्यावरची ओरखडलेली संरक्षक काच. आता शेपूट कुठल्या दिशेला आहे ते बघा. तुमच्यासारखा १८० चा अक्ष असताना ते तिरकं, कोपऱ्याकडे गेलेलं असेल, तर नंबर कमी-जास्त झाला यापेक्षा अक्ष हलल्याची शक्यता जास्त, कारण फिरलेल्या सिलिंडरची बाकी मूळ अक्षाच्या साधारण ४५ अंशांवर उरते. अगदी उभं किंवा आडवं असेल, तर नंबरच बदलला असेल.

मग जाड कागदाला टाचणीने भोक पाडा आणि त्यातून बघा. शेपूट नाहीसं झालं, अक्षर टोकदार झालं, तर हे काचेने सुटणारं काम आहे. भोकातूनही धूसरच दिसत असेल, तर कारण नंबराबाहेरचं आहे. आणि पापण्या दोन-तीनदा मिटल्या की क्षणभर स्वच्छ दिसून पुन्हा धूसर होत असेल, तर आधी डोळ्यांच्या कोरडेपणाकडे बघा. स्क्रीनसमोर आपण पापण्या मिटायचं विसरतो, अश्रूंचा थर फाटतो, आणि फाटलेला थरही डार्क मोडमध्ये असाच धूर काढतो. रात्री पंख्याच्या झोताखाली बसत असाल तर पंख्याचं तोंड फिरवा.

यातलं काहीही निघालं तरी चष्मा आणि नंबराचा कागद घेऊन चष्म्याच्या दुकानात जा आणि "लेन्सोमीटरवर अक्ष बघून द्या" एवढंच सांगा. दोन मिनिटांचं काम आहे. कागदावर १८० आणि यंत्रावर १७० किंवा १० आलं, तर काच फिरवून स्क्रू घट्ट करून घ्या. जुळत असेल, तर नंबर पुन्हा तपासून घ्या, दोन वर्षं तशीही झालीच आहेत. कॉन्टॅक्ट लेन्स वापरणाऱ्यांनाही हेच लागू पडतं: साध्या लेन्सने सिलिंडर भरून निघत नाही, त्यासाठी टॉरिक लेन्स लागते, आणि ती डोळ्यात फिरली की पुन्हा तोच धूर.

आता टॉर्चची तक्रार. लाइट मोड रात्री खुपतो तो पांढरा असतो म्हणून नव्हे. खोली काळोखी आणि स्क्रीन दुपारच्या उजेडावर ठेवलेली असते म्हणून. मुलं झोपली म्हणून तुम्ही मोठा दिवा घालवत असणार. मग टेबलावर एक छोटा दिवा ठेवा, स्क्रीनच्या मागे किंवा बाजूला, भिंतीवर उजेड पडेल असा. त्याची चकाकी स्क्रीनमध्ये दिसता कामा नये. त्याच उजेडात एक कोरा पांढरा कागद लॅपटॉपशेजारी धरा आणि स्क्रीनवर रिकामं पांढरं पान उघडा. स्क्रीन कागदापेक्षा झगझगीत दिसते तोवर ब्राइटनेस खाली आणत जा, कागद आणि स्क्रीन सारखे वाटले की थांबा. बहुतेकांचा हात जिथे थांबतो ती जागा त्यांनी कधीच वापरलेली नसते, इतकी खाली असते. मोबाइलवर ब्राइटनेस तळाला नेऊनही खुपत असेल, तर अँड्रॉइडच्या नव्या फोनमध्ये `Extra dim` आणि आयफोनमध्ये `Reduce White Point` असा पर्याय मिळतो, त्याने पांढऱ्याची धार आणखी उतरते.

एवढ्यानेच तुमची अर्धी तक्रार जाईल असा माझा अंदाज आहे. उरलेली रंगांनी घालवू. वर्डमध्ये `Design` मधल्या `Page Color` मध्ये जाऊन पानाला जुन्या पुस्तकाच्या कागदाचा रंग द्या, `#FAF6EC` हा मला आवडतो, आणि अक्षर ठार काळ्याऐवजी `#222222` करा. पांढऱ्यावर काळं म्हणजे २१ ला १ असा कॉन्ट्रास्ट, त्यापलीकडे जाताच येत नाही. या जोडीत तो साधारण १५ ला १ राहतो. डोळ्यांना मऊ, पण अक्षराची कड शाबूत. प्रकाशकाकडे फाइल परत पाठवताना रंग पूर्ववत करायला विसरू नका, नाहीतर फोन येईल.

इथे एक चूक फार होते. कॉन्ट्रास्ट कमी केला की आराम वाटतो, म्हणून लोक फिकट राखाडी पानावर गडद राखाडी अक्षर, असं करत करत खाली जातात. सिलिंडर शिल्लक असलेला डोळा मुळात कॉन्ट्रास्ट गमावूनच बसलेला असतो, त्यात आणखी कमी करून उपयोग नाही. वेबवरच्या मजकुरासाठी किमान ४.५ ला १ हे प्रमाण मानलं जातं आणि त्याहून कडक निकष ७ ला १ चा आहे. तुम्ही ७ च्या खाली जाऊ नका. आकडा काढून देणारी मोफत साधनं भरपूर आहेत, रंगांचे दोन कोड टाकले की झालं.

डार्क मोड मी तुमच्याकडून हिरावून घेत नाही. गप्पा वाचायला, अंथरुणात पडून बातम्या चाळायला तो खुशाल वापरा; पाच ओळींच्या निरोपात अनुस्वार सुटला तर बिघडलं कुठे? फक्त ठार काळ्यावर शुभ्र पांढरं टाळा. पान `#1E1E1E`, अक्षर `#D0D0D0` अशी जोडी साधारण ११ ला १ ला बसते, वाचायला पुरेशी आणि सांडायला कमी. काळ्यावरची अक्षरं मुळातच जाड भासतात, म्हणून ठळक टाइप बंद ठेवा, त्याऐवजी आकार दोन पॉइंटांनी वाढवा आणि ओळींमधलं अंतर दीडपट करा. रोमन अक्षरांपेक्षा आपल्याला याची गरज जास्त. आपल्या लिपीत शिरोरेषेच्या वर मात्रा, रफार, अनुस्वार एकमेकांना चिकटून उभे असतात आणि खाली उकार. 'ब' आणि 'व' मध्ये एका तिरक्या रेघेचा फरक, 'ष' आणि 'प' मध्येही तेच, 'घ' आणि 'ध' मध्ये डोक्यावरची एक गाठ. धूर आधी या पोकळ्याच भरतो. मोबाइलमधला 'हाय कॉन्ट्रास्ट' मजकुराचा पर्याय लाइट मोडमध्ये कामाचा आहे, पण डार्क मोडमध्ये तो अक्षर आणखी पांढरं करून धूर वाढवूही शकतो, तेव्हा लावून बघा आणि पटला नाही तर काढा.

आणखी एक. शेजारी काळी चॅटची खिडकी आणि मध्ये पांढरी पीडीएफ असं ठेवू नका. दर वेळी नजर हलली की डोळ्याला उजेड नव्याने जुळवावा लागतो आणि पांढरं पान प्रत्येक वेळी नव्याने खुपतं. तुमची 'टॉर्च' यातून येत असेल तर मला नवल वाटणार नाही. वर्ड काळ्या थीममध्ये असेल तर `View` मध्ये `Switch Modes` दाबून निदान पान पांढरं करून घ्या.

भावाचं म्हणणं त्याच्यापुरतं खरं असू शकतं. त्याला सिलिंडर नसेल, तो मोठ्या अक्षरात रंगीत कोड लिहीत असेल, आणि त्यात अनुस्वार नसतात. काही लोकांना तर डार्क मोड खरोखर सोपा जातो. घरात कुणाला मोतीबिंदू असेल, तर त्यांच्या डोळ्यातली धुकट काच पांढऱ्या पानाचा सगळा प्रकाश आत उधळते. अमेरिकेत १९८५ साली मंददृष्टीच्या लोकांवर झालेल्या वाचनाच्या अभ्यासात, ज्यांच्या डोळ्यातला मार्ग असा गढूळ होता ते काळ्यावर पांढरं जास्त वेगाने वाचत होते. उजेड सोसत नाही अशी अर्धशिशी असलेल्यांचंही तसंच. तेव्हा आईचा फोन बघून आपला किंवा आपला बघून आईचा ठरवू नका.

चष्मा दुरुस्त झाला की एक परीक्षा घ्या, ती तुम्हाला माझ्यापेक्षा चांगली जमेल. एखाद्या मैत्रिणीला सारख्या लांबीची चार पानं द्या आणि प्रत्येकात वीस चुका पेरायला सांगा: सुटलेले अनुस्वार, ऱ्हस्व-दीर्घ, 'ब'च्या जागी 'व'. पहिल्या रात्री एक पान लाइटमध्ये आणि मग एक डार्कमध्ये, दुसऱ्या रात्री उरलेली दोन उलट्या क्रमाने. फाँट, आकार, दिवा तोच. किती सुटल्या आणि किती मिनिटं लागली ते लिहून ठेवा. एका रात्रीच्या निकालावर जाऊ नका, दुसरं पान वाचताना माणूस थकलेला असतो. चारही पानांत एक-दोन चुकांचाच फरक आला, तर तुम्हाला जो आवडेल तो मोड वापरा. डार्कमध्ये पाच-सहा जास्त सुटल्या, तर मुद्रितं लाइटमध्येच.

आणि एवढं सगळं करून, चष्मा यंत्रावर बरोबर निघूनही एका डोळ्याला अक्षराची सावली किंवा जुळी प्रतिमा दिसत राहिली, किंवा सिलिंडर दर तपासणीला वाढत गेला, तर दुकानात न थांबता नेत्रतज्ज्ञांकडे जा आणि कॉर्नियाची टोपोग्राफी, म्हणजे त्याच्या बाकाचा नकाशा, करायची का ते विचारा. डोळे चोळायची सवय असेल तर तीही त्यांना सांगा. कॉर्निया पातळ होत शंकूसारखा पुढे येण्याच्या आजाराला केराटोकोनस म्हणतात; तो लवकर सापडला तर कॉर्निया घट्ट करणारं क्रॉस-लिंकिंग करून बहुतेकदा थांबवता येतो. तुमच्या वयात तो नव्याने सुरू होणं कमी आढळतं. पण हे सदर वाचणाऱ्या कुणाच्या घरात सोळा-सतरा वर्षांचं मूल सारखे डोळे चोळत असेल आणि वर्षाला काच बदलत असेल, तर त्याला या आठवड्यातच दाखवा.